लर्निंग, पक्कं आणि इंटरनॅशनल: कुठलं लायसन्स कुठवर चालतं

माझ्या भाचीला जपानमध्ये नोकरी लागली आणि घरात एकच वाक्य फिरायला लागलं: "आधी लर्निंग, मग पक्कं, मग इंटरनॅशनल." जणू काही बालवाडी, शाळा, कॉलेज. एकदा इंटरनॅशनल हातात पडलं की खालच्या दोन पायऱ्या विसरायच्या, असा एकूण सूर होता. खरं तर या तीन कागदांचं नातं पायऱ्यांचं नाहीच. लर्निंग चालतं ते शेजारी बसलेल्या माणसाच्या भरवशावर. पक्कं स्वतःच्या भरवशावर चालतं. आणि इंटरनॅशनल चालतं ते पक्क्याच्या भरवशावर. त्याला स्वतःचा जीव नसतो. एवढं लक्षात ठेवून तिच्याच तारखा घेऊन बघू.

भाचीचा जन्म 2 ऑगस्ट 2001 चा. तिचं लर्निंग 10 जानेवारी 2025 ला निघालं. आता हे घरबसल्याही निघतं, आधार जोडून sarathi.parivahan.gov.in वर परीक्षा देता येते. त्या दिवसापासून सहा महिने, म्हणजे 9 जुलै 2025 पर्यंत ते चालणार. पण पक्क्याच्या टेस्टला जायला लर्निंग किमान 30 दिवस हातात असावं लागतं, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी तिला आरटीओच्या ट्रॅकवर कुणी उभं केलं नसतं. थोडक्यात, टेस्टसाठी तिच्याकडे साधारण पाच महिन्यांची खिडकी होती. ही खिडकी चुकवणारे कमी नाहीत. परीक्षा आली, लग्न आलं, पावसाळा लागला, आणि एक दिवस कळतं की लर्निंग संपलं. मग नव्याने काढायचं, पुन्हा फी, पुन्हा पहिल्यापासून.

लर्निंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की ते आपल्याच जिल्ह्यात किंवा फार तर राज्यात चालतं. असं नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 13 मध्ये लर्निंग आणि पक्कं ही दोन्ही एकाच वाक्यात आहेत: दोन्ही भारतभर चालतात. भाचीने लर्निंगवर पुण्याहून बेळगावपर्यंत गाडी नेली तर राज्याची हद्द ओलांडली म्हणून तिला कुणी अडवू शकत नाही. अडवता येईल ते दुसऱ्याच कारणासाठी.

ते कारण म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 3. तो सांगतो की शिकणाऱ्याच्या सोबत त्या प्रकारच्या वाहनाचं चालू लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो अशा जागी बसलेला हवा की वेळ आली तर त्याला गाडी आवरता किंवा थांबवता येईल. शिवाय गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. पाटीचं मापसुद्धा नियमात आहे: 18 सेंटीमीटरचा चौकोन आणि आत 10 सेंटीमीटर उंचीचं अक्षर. कंपासपेटीतल्या स्केचपेनने वहीच्या कागदावर काढलेला एल या मापात बसत नाही, हे मी आमच्याच घरच्या अनुभवावरून सांगतो.

यातला "अशा जागी बसलेला" हा भाग लोक सोडून देतात. मागच्या सीटवर झोपलेले काका चालत नाहीत, त्यांचं लायसन्स तीस वर्षांचं असलं तरी. काकांकडे फक्त दुचाकीचं लायसन्स असेल, तर ते पुढच्या सीटवर टक्क जागे बसूनही चालत नाहीत. दुचाकीवर लर्निंगवाल्याने मागे कुणाला बसवायचं असेल तर तो शिकवणाराच हवा. मैत्रिणीला क्लासला सोडणं त्यात बसत नाही. आणि ज्यांच्याकडे स्कूटरचं पक्कं लायसन्स आहे, त्यांनी कार शिकायला घेतली की कारसाठी ते पुन्हा लर्निंगवालेच असतात. "माझ्याकडे लायसन्स आहे की" म्हणत एल न लावता कार काढणाऱ्याकडे त्या कारचं लायसन्स नसतंच.

पोलिसाने पकडलं तर दंड होतो, ते सगळ्यांना माहीत आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन्स नसताना गाडी चालवण्याचा दंड 5000 रुपये झाला. पण खरी किंमत विम्यात मोजावी लागते. गाडीच्या विम्याच्या कागदात 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा एक परिच्छेद असतो. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की लर्निंगवाला माणूसही ही गाडी चालवू शकतो, मात्र त्या वेळी गाडी भाड्याने प्रवासी किंवा माल नेण्यासाठी वापरात नको, आणि चालवणारा नियम 3 पाळणारा हवा. म्हणजे शेजारचा माणूस हा नुसता पोलिसांना दाखवायचा नसतो, तो तुमच्या विम्याचीही अट असतो. राष्ट्रीय विमा कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लर्निंग हेही कायद्याच्या दृष्टीने लायसन्सच आहे, असं स्पष्ट केलं. त्यामुळे "चालवणाऱ्याकडे फक्त लर्निंग होतं" एवढ्या कारणावरून कंपनीला हात झटकता येत नाहीत. पण "लर्निंग होतं आणि शेजारी कुणी नव्हतं" ही गोष्ट वेगळी. तिथे कंपनीच्या हातात अट मोडल्याचा मुद्दा आयता जातो, आणि स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा तिथेच अडकतो.

भाचीची टेस्ट 20 फेब्रुवारीला झाली आणि त्याच दिवशी पक्कं लायसन्स मंजूर झालं. इथून शेजारचा माणूस आणि एलची पाटी दोन्ही सुटलं. कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, पण डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दिसणारं लायसन्स भारतात पोलिसांना दाखवायला पुरतं. ("भारतात" हा शब्द पुढे कामाला येणार आहे.)

हे पक्कं कधीपर्यंत? पूर्वीचा हिशोब होता वीस वर्षं किंवा पन्नाशी, जे आधी येईल ते. तो अनेकांच्या डोक्यात अजून पक्का बसलाय. 1 सप्टेंबर 2019 पासून तो बदलला. लायसन्स निघताना वय तिशीच्या आत असेल तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नास या वयात निघालं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये निघालं तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच वर्षं. भाची तेव्हा तेवीस वर्षांची होती, म्हणून तिचं 1 ऑगस्ट 2041 पर्यंत. साडेसोळा वर्षं. ही तारीख घरातल्या कुणाच्याही लक्षात राहणार नाही याची मला खात्री आहे, म्हणून ती मी लिहून ठेवली आहे.

ज्यांच्या कार्डावर टॅक्सी-ट्रकसारख्या व्यवसायाच्या वाहनांची नोंद असते, त्यांच्या कार्डावर दोन तारखा असतात. खासगी वाहनांची लांबची, व्यावसायिक वाहनांची पाच वर्षांची. लोक लांबची वाचतात आणि निर्धास्त होतात.

मुदत संपल्यानंतरचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे जुनी सवय घात करते. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवस सवलत होती. त्या काळात लायसन्स चालूच मानलं जायचं. 2019 च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. आता मुदत रात्री बारा वाजता संपली, की सकाळी दूध आणायला काढलेली स्कूटरही विनालायसन्स. नूतनीकरणासाठी मुदतीच्या एक वर्ष आधीपासून ते एक वर्ष नंतरपर्यंत अर्ज करता येतो, आणि इथेच गल्लत होते. वर्षभर अर्ज करता येतो याचा अर्थ वर्षभर गाडी चालवता येते असा नाही. उशिरा नूतनीकरण केलं तर ते ज्या दिवशी झालं त्या दिवसापासून धरलं जातं. मधला काळ भरून निघत नाही. त्या मधल्या काळात अपघात झाला असेल, तर नंतर आणलेलं नवं कार्ड त्या दिवसाला लागू होत नाही. वर्षही उलटून गेलं तर पुन्हा टेस्ट. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर दोन वर्षं लायसन्सकडे बघितलंच नाही, आणि चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाला ट्रॅकवर विशीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहावं लागलं. त्यांना राग टेस्टचा नव्हता. पहिल्या खेपेला नापास झाल्याचा होता.

आता इंटरनॅशनल. बोलताना आपण त्याला लायसन्स म्हणतो, पण त्याचं नाव परमिट आहे आणि तो फरक उगाच नाही. जगभर चालेल असं लायसन्स कुठलाच देश देत नाही. जपानच्या पोलिसाला महाराष्ट्राचं कार्ड वाचता येत नाही, त्यावर कार चालवायची परवानगी आहे की रिक्षाची हे कळत नाही. म्हणून 1949 साली जिनिव्हात झालेल्या रस्ते वाहतुकीच्या करारात एक ठरावीक नमुन्याची पुस्तिका आखली गेली. त्यात धारकाचं नाव, फोटो आणि वाहनांचे गट असतात, आणि मजकूर अनेक भाषांत. गट साधे आहेत: ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे साडेतीन टनांपर्यंतची, चालक सोडून आठ सीटांपर्यंतची गाडी, पुढे ट्रक आणि बस. ज्या गटाची परवानगी आहे त्यावर शिक्का. भारत या कराराचा सदस्य आहे आणि आपल्या आरटीओतून निघणारं परमिट याच नमुन्याचं असतं. 2022 पासून त्यावर क्यूआर कोडही येतो, जो मूळ लायसन्सशी जोडलेला असतो.

म्हणजे हे तुमच्या पक्क्या लायसन्सचं प्रमाणित भाषांतर आहे. एकदा तसं पाहिलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. लर्निंगवर ते मिळत नाही, कारण भाषांतर करायला आधी मूळ हवं. भारतात ते चालत नाही, कारण इथे मूळ वाचता येतं. पुण्यात पोलिसाला इंटरनॅशनल दाखवणं म्हणजे मराठी माणसाला मराठी पत्राचं भाषांतर दाखवण्यासारखं. परदेशात ते एकटं चालत नाही. सोबत मूळ कार्ड लागतं, आणि मघाचं डिजीलॉकर तिथल्या पोलिसासाठी किंवा गाडी भाड्याने देणाऱ्यासाठी काहीच नसतं. प्लॅस्टिकचं कार्डच न्यायचं. आणि मूळ लायसन्स संपलं की परमिटवर कुठलीही तारीख असो, तेही संपलं.

त्याची मुदत निघाल्यापासून एक वर्ष. केंद्रीय नियमांत फी 1000 रुपये आहे, अर्ज आरटीओकडे, सोबत लायसन्स आणि पासपोर्ट. पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरचा दाखलाही लागायचा. 2021 मध्ये ती अट काढली, कारण काही देश व्हिसा विमानतळावर उतरल्यावरच देतात. मुदत परदेशात असताना संपली तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करायची सोयही त्याच वेळी झाली. इंटरनेटवर काही खासगी साइट तीन किंवा पाच वर्षांचं "इंटरनॅशनल लायसन्स" विकतात. आपलं परमिट एका वर्षाच्या वर निघतच नाही, तेव्हा मुदत बघूनच तो माल ओळखता येतो.

शिक्क्यांची गंमत लोकांना थायलंडच्या बेटांवर कळते. तिथे स्कूटर भाड्याने घ्यायला परमिट दाखवलं जातं, दुकानदार उघडूनही बघत नाही, आणि पुढच्या चौकात पोलीस उघडून बघतो. मूळ लायसन्स फक्त कारचं असेल तर शिक्का बी वर असतो, ए रिकामा. परमिट खरं, मुदत चालू, आणि तरी त्या स्कूटरसाठी लायसन्स नाही. प्रवास विमाही मग तोच प्रश्न विचारतो.

दुसरी गोची देशांची. 1949 च्या करारानंतर 1968 मध्ये व्हिएन्नात दुसरा करार झाला आणि त्याच्या परमिटचा नमुना वेगळा आहे. व्हिएतनाम फक्त त्या 1968 च्या करारात आहे, त्यामुळे आपलं परमिट तिथे मान्य नाही. चीन कुठलंच इंटरनॅशनल परमिट मानत नाही. ब्रिटनमध्ये उलटी तऱ्हा: पाहुणा म्हणून गेलेल्याला भारतीय लायसन्सवर बारा महिने तशीच गाडी चालवता येते. म्हणजे "इंटरनॅशनल" हा शब्द पुस्तिकेवर असला, तरी ती मानायची की नाही हे तिकिटावर ज्या देशाचं नाव आहे तो देश ठरवतो.

भाचीच्या सुदैवाने जपान 1949 च्या करारात आहे, गाड्याही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. तिने 5 मार्च 2025 ला परमिट काढलं आणि 20 मार्चला ती तिथे उतरली. जपानमध्ये दोन घड्याळं एकदम चालतात. एक परमिटच्या मुदतीचं: 4 मार्च 2026. दुसरं जपानमध्ये पाऊल ठेवल्यापासून एक वर्षाचं: 19 मार्च 2026. जे आधी संपेल ते खरं, म्हणून तिच्यासाठी 4 मार्च.

"मग काय, दिवाळीत येईन, नवं परमिट काढीन, परत एक वर्ष," असं ती फोनवर म्हणाली. बेत चोख होता, फक्त तो जपानलाही सुचलेला आहे. तिथे रहिवासी म्हणून नोंद झालेला माणूस देशाबाहेर गेला आणि तीन महिन्यांच्या आत परतला, तर त्या परतीच्या दिवसापासून नवं वर्ष मोजत नाहीत. दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची. परमिट नवं मिळेल, पण घड्याळ जुनंच राहील. परमिट हे पाहुण्यासाठी आहे; जो राहायला आला त्याने तिथलं लायसन्स काढावं, हा बहुतेक देशांचा हिशोब. दुबईत तर तिथला निवासी व्हिसा असलेल्याला भारतीय परमिटवर गाडी चालवताच येत नाही.

म्हणून तिने भारतीय लायसन्स बदलून जपानी घ्यायची चौकशी केली. भारतीयांना त्यासाठी नियमांची परीक्षा आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याची चाचणी द्यावी लागते, त्याची तिची तयारी होती. पण अर्जातच एक अट निघाली: लायसन्स मिळाल्यानंतर ते देणाऱ्या देशात एकूण किमान तीन महिने राहिलेलं असलं पाहिजे. त्यांना हवं असतं ते खरोखर गाडी चालवलेलं माणूस, विमानात बसण्याआधी घाईने कार्ड उचललेलं नको.

तिने बोटं मोजली. पक्कं लायसन्स 20 फेब्रुवारी, विमान 20 मार्च. जेमतेम महिना. लर्निंगचे दिवस यात धरत नाहीत, कारण मोजणी पक्क्यापासून. एवढंच बरं की हे तीन महिने सलग असायची गरज नसते, तुकड्यातुकड्यांनी भरले तरी चालतात, आणि पुरावा म्हणून पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के दाखवता येतात. दिवाळीचे तीन आठवडे धरून तिचे पन्नासेक दिवस होतात. उरलेल्या चाळीसेक दिवसांसाठी ताईने आतापासून गणपतीचा, मेच्या सुट्टीचा आणि एका चुलतभावाच्या लग्नाचा हिशोब मांडायला घेतला आहे. लग्न अजून ठरलेलं नाही.